घरातले फोटो घरातल्या डब्यात : दहा महिन्यांचा हिशेब

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी आईने फोन पुढे केला आणि म्हणाली, "हे बघ रे, जागा संपली म्हणतोय." संदेश गुगलचा होता. फुकट मिळणारे १५ जीबी भरले होते आणि त्यांत फोटोंपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपचा वाटा मोठा होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा घरातल्या सगळ्या खात्यांचा हिशेब एका कागदावर मांडला. माझी १०० जीबीची योजना दरमहा १३० रुपये, पत्नीची तेवढीच, मुलीच्या आयफोनसाठी आयक्लाउडचे २०० जीबी दरमहा २१९ रुपये, म्हणजे वर्षाला ५,७४८ रुपये जात होते. याशिवाय कपाटात तीन जुन्या हार्ड डिस्क होत्या. त्यांत कॅमेऱ्याचे मूळ फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि बाबांनी स्कॅन करून ठेवलेले जुने अल्बम होते, आणि त्या मूळ फाइलींची दुसरी प्रत कुठेही नव्हती. सगळे मिळून साधारण ७५० जीबी भरले.

पुढचे दहा महिने मी घरात एक नॅस बसवण्यात घालवले. नॅस म्हणजे घरच्या वाय-फायशी जोडलेला, सतत चालू राहणारा, डिस्क ठेवण्याचा डबा. ज्यांच्या मनात हाच विचार आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मात्र मी आधी गणित केले आणि ते गणित नॅसच्या बाजूने आले नाही, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे.

त्या वेळी गुगलची २ टीबीची योजना वर्षाला ६,५०० रुपयांना होती आणि ती कुटुंबातल्या आणखी पाच जणांना वाटून देता येत होती. पाच वर्षांचे ३२,५०० रुपये झाले. दुसऱ्या बाजूला दोन डिस्कची सोय असलेला डबा ३१,५०० रुपये, ४ टीबीच्या दोन डिस्क २२,४०० रुपये, वाढीव रॅम २,१०० रुपये, छोटा यूपीएस ४,३०० रुपये आणि बाहेर ठेवायच्या प्रतीसाठी ४ टीबीची सुटी डिस्क ९,८०० रुपये, अशी बेरीज ७०,१०० रुपयांवर गेली. डबा सरासरी १८ वॅट वीज खातो, म्हणजे महिन्याला १३ युनिट. आमच्या स्लॅबप्रमाणे सगळे आकार धरून त्याचे वर्षाला साधारण १,७०० रुपये होतात. पाच वर्षांनी एकूण ७८,६०० रुपये, म्हणजे वर्गणीच्या दुपटीहून जास्त, आणि तोवर डिस्क म्हाताऱ्या झालेल्या असणार. वीजबिलच जवळजवळ १०० जीबीच्या योजनेइतके आहे, हे कळल्यावर पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही.

तरीही मी नॅसकडे वळलो, याला कारण होते. २०१६ पासून २०२१ पर्यंत मी गुगलच्या त्या वेळच्या फुकट, अमर्याद सोयीत फोटो चढवत होतो. ती सोय १ जून २०२१ रोजी बंद झाली. पण तिच्यात फोटो दाबून, लहान करून ठेवले जात. त्या काळातला फोटो उतरवून घेतला तर तो दाबलेलाच मिळतो. कपाटातल्या डिस्कवरच्या मूळ फाइलशी एक फोटो ताडून पाहिला, तेव्हा ६ एमबीच्या जागी दीड एमबीची फाइल हातात आली. फोनच्या पडद्यावर फरक दिसत नव्हता, पण मोठ्या छपाईसाठी झूम केल्यावर साडीच्या काठाची नक्षी पुसट झालेली होती. मूळ प्रती आपल्याकडेच नीट ठेवायच्या, आणि त्या आईपासून मुलीपर्यंत सगळ्यांना एकाच ठिकाणी दिसायला हव्यात, असे माझ्या मनाने घेतले. ज्यांच्याकडे अशा जुन्या मूळ फाइली नाहीत आणि एकूण साठा २ टीबीच्या आत आहे, त्यांनी वर्गणी भरावी असेच माझे आजही मत आहे.

८ फेब्रुवारीला सामान मागवले. डिस्क मागवताना एक गोष्ट तपासावी. काही स्वस्त डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्या पद्धतीला एसएमआर म्हणतात. अशी डिस्क पुन्हा भरून काढायची वेळ आली की फार हळू चालते. नॅससाठी सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, पद्धतीची डिस्क घ्यावी आणि मॉडेल क्रमांकावरून ते खात्रीने पाहावे. माझ्या दोन डिस्कपैकी एक नुसत्या फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आली होती आणि तिचा एक कोपरा दबलेला होता. ती मी लावूनही न पाहता परत केली. बदली डिस्क यायला नऊ दिवस लागले. खोके उघडताना व्हिडिओ काढून ठेवला होता, म्हणून परत करण्यात वाद झाला नाही.

१ मार्चला डबा जोडला. दोन्ही डिस्क एकमेकींची आरशासारखी प्रत राहतील अशी, म्हणजे रेड १ या पद्धतीने, मांडणी केली. त्यामुळे ८ टीबी विकत घेऊन ४ टीबीच वापरायला मिळतात. फोटो टाकण्याआधी दोन्ही डिस्कची लांबलचक स्वयंचाचणी लावली, ती रात्रभर चालली. नंतर मुद्दाम एक डिस्क बाहेर ओढली. डबा बीप-बीप करू लागला, पण चाचणीसाठी टाकलेल्या फाइली उघडत राहिल्या. डिस्क परत घातल्यावर प्रत पूर्ण व्हायला सात तासांहून थोडा जास्त वेळ लागला. रिकाम्या डब्यावर हे करून पाहिल्यामुळे तो बीपचा आवाज कशाचा, हे आता आईलाही ठाऊक आहे.

फोटो दाखवण्यासाठी मी इमिच हा मुक्त प्रोग्रॅम निवडला. तो दिसायला गुगल फोटोजसारखाच आहे, त्याचे अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते आणि चेहरे ओळखण्याचे काम तो घरातल्या डब्यावरच करतो. त्या वेळी त्याच्या निर्मात्यांनीच स्पष्ट बजावले होते की प्रोग्रॅम अजून घडतो आहे, फोटोंची एकमेव जागा म्हणून त्यावर विसंबू नये. (पहिली स्थिर आवृत्ती, २.०, पुढे १ ऑक्टोबर २०२५ रोजी आली.) म्हणून मी ठरवले की सहा महिने कोणतीही वर्गणी बंद करायची नाही. बसवल्याबरोबर करायची एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. सेटिंगमध्ये 'स्टोरेज टेम्प्लेट' नावाचा पर्याय आहे, तो चालू करावा. तो बंद असला की फाइली लांबलचक निरर्थक नावांनी साठतात. चालू असला की वर्ष आणि तारखेच्या फोल्डरमध्ये, मूळ नावाने बसतात. उद्या इमिच बंद पडले तरी ते फोल्डर कोणालाही उघडून पाहता येतील.

माझी सर्वांत मोठी चूक मार्चमध्ये झाली. गुगलवरून सगळे फोटो उतरवून घेण्यासाठी टेकआउट नावाची सोय आहे. शुक्रवारी संध्याकाळी मागणी नोंदवली आणि रविवारी सकाळी दुवे आले. त्यांची मुदत साधारण आठवडाभराची असते, म्हणून मागणी अशा दिवशी करावी की पुढचे दोन-तीन दिवस घरी असू. फाइलचा आकार १० जीबी निवडला, कारण ५० जीबीची एकच फाइल मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागते. माझ्या दहा फाइली झाल्या. त्या मी उत्साहाने उलगडल्या आणि आतले सगळे फोटो सरळ इमिचमध्ये ओतले.

दुसऱ्या दिवशी काळपट्टी पाहिली तर मार्च २०२५ मधल्या एकाच दिवसावर सहा हजारांहून जास्त फोटो बसले होते. त्यांत मुलीचे बारसे होते, बाबांनी स्कॅन केलेले १९८७ मधले आई-बाबांचे लग्न होते, आणि शेकडो शुभ सकाळही होत्या. कारण समजायला एक पूर्ण संध्याकाळ गेली. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्येच तारीख लिहिलेली असते, म्हणून ते फोटो आपापल्या जागी गेले होते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंतली ही नोंद वाटेतच गळते, आणि स्कॅन केलेल्या फोटोला मी गुगलमध्ये हाताने दिलेली तारीख फोटोच्या फाइलमध्ये लिहिली जात नाही. टेकआउट ती तारीख शेजारी वेगळ्या, `.json` शेपटाच्या छोट्या फाइलीत देते. त्या फाइली मी कचरा समजून वगळल्या होत्या.

सगळे खोडून पुन्हा केले. या कामासाठी `immich-go` नावाचे वेगळे साधन आहे. ते झिप फाइली न उलगडताच वाचते आणि प्रत्येक फोटोची जोडीची नोंद शोधून तारीख, जागा आणि अल्बम जुळवते. सगळ्या झिप एकदमच द्याव्या लागतात, कारण फोटो तिसऱ्या झिपमध्ये आणि त्याची नोंद सातव्यात असे सर्रास होते. आधी `--dry-run` लावून, काहीही न चढवता, नुसता अहवाल पाहता येतो.

```
immich-go upload from-google-photos --dry-run \
  --server=http://192.168.1.50:2283 \
  --api-key=KEY takeout-*.zip
```

अहवालात जोडी न सापडलेल्या फोटोंची संख्या दिसते. माझे असे दोनशेच्या आसपास उरले, ते मी हाताने लावले. पत्नीच्या खात्याचे हेच काम पहिल्या झटक्यात झाले, त्यामुळे तिला हे सोपे असते असेच वाटते.

एप्रिल फोनमध्ये गेला. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन पार्श्वभूमीतली अ‍ॅप बंद करतो. आईच्या फोनवरून पाच दिवस एकही फोटो आला नव्हता. अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये निर्बंध काढल्यावर फोटो येऊ लागले. आयफोनची गोष्ट वेगळी आहे. फोनमधली जागा वाचवण्याचा पर्याय मुलीने चालू ठेवला होता, म्हणजे मूळ फोटो आयक्लाउडवर आणि फोनमध्ये नुसत्या लहान प्रती. प्रत्येक फोटो आधी आयक्लाउडवरून खाली येई आणि मग डब्याकडे जाई. शिवाय अ‍ॅप मिटले की आयफोन त्याला फारच थोडा वेळ काम करू देतो. तिचे १४० जीबी चढायला अकरा रात्री लागल्या, त्याही फोन चार्जिंगला लावून आणि अ‍ॅप उघडे ठेवून. "बाबा, हे असं रोज करायचं का?" हा तिचा प्रश्न रास्त होता. आता ती आठवड्यातून एकदा अ‍ॅप उघडते आणि तेवढे पुरते. पैसे देऊन मिळणारी आयक्लाउडची सोय या बाबतीत निर्विवाद सरस आहे.

याच महिन्यात गुरुवारची वीज गेली. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे नवे नाही, पण तेव्हा डबा लिहीत असला तर नोंदी बिघडू शकतात. यूपीएस तीन तास चालत नाही आणि त्याने चालावे अशी अपेक्षाही नाही. यूएसबीच्या तारेने तो डब्याला वीज गेल्याचे कळवतो आणि पाच मिनिटांनी डबा शिस्तीत बंद होतो. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची खूण मात्र मी केली नव्हती. दोन दिवस डबा बंदच होता आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही.

मे महिन्यात बंगळूरला राहणाऱ्या बहिणीला फोटो दिसावेत म्हणून प्रयत्न सुरू केले. राउटरमध्ये बाहेरून येणारी वाट उघडून पाहिली, पण काहीच पोचेना. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तीन फोन झाले, तिन्ही वेळा राउटर बंद करून चालू करायला सांगितले गेले. शेवटी मीच राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहिला. तो `100.72` ने सुरू होत होता, आणि 'माझा आयपी काय' हे दाखवणाऱ्या संकेतस्थळावर वेगळाच पत्ता दिसत होता. `100.64` पासून `100.127` पर्यंतचे पत्ते कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी वापरतात. मोठ्या सोसायटीचे एकच टपाल-खोके असावे आणि आत कोणाचे पत्र कुठे द्यायचे ते फक्त वॉचमनला ठाऊक असावे, तसे हे आहे. बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत थेट येऊच शकत नाही.

आता मला वाटते की हे बरेच झाले. इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या नॅसच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा डेडबोल्ट हा प्रोग्रॅम २०२२ मध्ये जगभर फिरला होता, हे मी नंतर वाचले. उघडलेली वाट बंद केली आणि टेलस्केल हे खासगी जाळे जोडणारे साधन डब्यावर आणि बहिणीच्या फोनवर बसवले. वैयक्तिक वापरासाठी ते फुकट मिळते आणि राउटरला हात लावावा लागत नाही. मात्र फोनवर ते चालू असेल तरच फोटो दिसतात. बहिणीने ते दोनदा बंद केले आणि दोन्ही वेळा मला फोन केला.

चेहरे ओळखण्याचे काम तेवढ्यात पुरे झाले होते. ६२ हजार फोटोंना त्या छोट्या डब्याला चार दिवस लागले. नावे देण्याचे काम आईने घेतले आणि दुपारी जेवणानंतर रोज तासभर ती त्यात रमू लागली. यंत्राने माझ्या मुलीचे आणि आईच्या स्वतःच्या लग्नातल्या फोटोतले चेहरे एकच व्यक्ती समजून एकत्र केले होते. आईने ते वेगळे करायला दोन दिवस नकार दिला.

आरशासारख्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, असे सगळे सांगतात. माझ्याकडून जूनमध्ये एक अल्बम फोटोंसकट खोडला गेला, आणि तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेला. आरसा चुकाही तितक्याच निष्ठेने दाखवतो. इमिच खोडलेले फोटो ३० दिवस कचरापेटीत ठेवते, म्हणून ते परत आणता आले. त्यानंतर सुट्या डिस्कवर दरमहा प्रत काढू लागलो आणि ती डिस्क सांगलीला भावाकडे ठेवायची असे ठरवले. घरात आग, पाणी किंवा चोरी झाली तर डबा आणि त्याच्या शेजारची डिस्क दोन्ही एकदमच जातील.

गणपतीला, २७ ऑगस्टच्या सुमारास, सांगलीला गेलो तेव्हा भावाच्या लॅपटॉपवर नवे इमिच बसवून त्या डिस्कवरून सगळे उभे करून पाहिले. फोटो आले, तारखाही बरोबर आल्या. पण अल्बम नव्हते आणि आईने दिलेले एकही नाव नव्हते. अल्बम, नावे, कोणाचे खाते कोणते, हे सारे फोटोंसोबत नसते, वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. इमिच रोज पहाटे दोन वाजता त्या डेटाबेसची प्रत `backups` नावाच्या फोल्डरमध्ये टाकते आणि शेवटच्या १४ प्रती जपते. मी मात्र फक्त `library` हे फोल्डर उचलले होते. पुण्याचा डबा शाबूत होता म्हणून निभावले. आता वरचे संपूर्ण फोल्डरच उचलतो. परत उभे करून पाहिल्याशिवाय ही चूक मला कधीच दिसली नसती, कारण प्रत काढणारा प्रोग्रॅम दरमहा हिरवी खूण दाखवत होता.

ऑक्टोबरमध्ये वर्गण्यांकडे वळलो. इथे एक खाच आहे. गुगलची योजना संपली आणि साठा १५ जीबीच्या वर राहिला तर नुसते फोटो चढणे थांबत नाही, त्याच खात्यावर ईमेल येणे-जाणेही थांबते. म्हणून योजना संपण्याआधी तिथले फोटो खोडावे लागतात. आणि फोनवरच्या गुगल फोटोज अ‍ॅपमधून खोडले तर फोनमधली प्रतही जाते. मी आधी त्या अ‍ॅपचा बॅकअप बंद केला, वीस बिनमहत्त्वाच्या फोटोंवर प्रयोग केला, मग वर्षावर्षाने खोडत गेलो. प्रत्येक वर्षाआधी दोन्हीकडची संख्या ताडून पाहिली. पत्नीची १०० जीबीची योजना बंद झाली. मुलीने आयक्लाउड ५० जीबीवर, ७५ रुपयांवर आणले. माझी योजना मी ठेवली आहे आणि गेल्या दोन वर्षांचे फोटो तिच्यात राहतात. म्हणजे दरमहा ४७९ रुपयांचे २०५ झाले. वाचलेल्या २७४ रुपयांतले निम्मे विजेला जातात.

दिवाळीनंतर पत्नीने विचारले, "आणि तू नसलास तर हे कोण चालवणार?" वर्गणीच्या बाबतीत हा प्रश्न कार्ड बदलण्याइतका सोपा आहे, इथे तसा नाही. मी दोन पानी टिपण लिहिले. डबा बंद-चालू कसा करायचा, पासवर्ड कोणत्या पाकिटात आहेत, डिस्क बिघडल्याची खूण कोणती, आणि सगळे सोडून द्यायचे असेल तर सांगलीची डिस्क कोणत्याही संगणकाला लावून वर्षाच्या फोल्डरमधून फोटो कसे काढून घ्यायचे. नोव्हेंबरच्या एका रविवारी मी शेजारच्या खोलीत बसलो आणि तिने ते टिपण हातात घेऊन सुरुवात केली. तिसऱ्या पायरीवर ती अडली. "ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाका" असे मी लिहिले होते, पण पत्ता लिहायचाच राहिला होता. तो मोठ्या अक्षरांत लिहून डब्यावर चिकटवला. पाचव्या पायरीवर ती पुन्हा अडली आहे, ते या रविवारी पाहू.